विश्लेषण : नवे क्रीम लावल्यावर मुरूम वाढले... ‘पर्जिंग’ समजून थांबावे की लगेच बंद करावे?

नवे सिरम किंवा जेल लावायला सुरुवात केली आणि दहा-बारा दिवसांत चेहऱ्यावर आधीपेक्षा जास्त पुटकुळ्या आल्या, तर समाजमाध्यमांवर हमखास एक उत्तर मिळते. ‘हे पर्जिंग आहे, घाबरू नका, लावत राहा.’ काही वेळा हे उत्तर बरोबर असते. पण अनेकदा ते त्वचेला न मानवलेले उत्पादन आठवडेच्या आठवडे लावायला भाग पाडते आणि गव्हाळ-सावळ्या त्वचेवर त्याचे काळे डाग पुढे कित्येक महिने राहतात. दुसरीकडे, ज्या औषधाचा परिणाम दिसायला तीन महिने लागतात, ते ‘सूट होत नाही’ म्हणून तिसऱ्याच आठवड्यात बाजूला पडते. या दोन चुकांमधली रेषा कुठे आहे, हे समजण्यासाठी मुरूम तयार कसा होतो, इथून सुरुवात करावी लागते.

‘पर्जिंग’ म्हणजे नेमके काय?

आज चेहऱ्यावर दिसणारा मुरूम आज तयार झालेला नसतो. त्वचेच्या बारीक छिद्रात मृत पेशी आणि तेल साचून आधी एक सूक्ष्म बूच तयार होते. ते डोळ्यांना दिसत नाही, बोटालाही लागत नाही. ते हळूहळू मोठे होते, मग ब्लॅकहेड किंवा व्हाइटहेड म्हणून दिसते आणि त्यातल्या काहींना सूज येऊन लाल किंवा पू भरलेली पुटकुळी होते. या सगळ्या प्रवासाला कित्येक आठवडे, अनेकदा दोन महिन्यांच्या आसपास वेळ जातो. म्हणजे मुरूम येणाऱ्या चेहऱ्यावर कोणत्याही दिवशी जेवढे मुरूम दिसतात, त्यापेक्षा अधिक त्वचेखाली रांगेत उभे असतात.

काही घटक त्वचेच्या पेशी गळून पडण्याचा आणि नव्या पेशी वर येण्याचा वेग वाढवतात. त्यामुळे रांगेत उभे असलेले हे मुरूम पुढच्या दोन महिन्यांत एकेक करून येण्याऐवजी दोन-चार आठवड्यांत एकदम वर येतात. यालाच बोलीभाषेत ‘पर्जिंग’ म्हणतात. हे कोणत्याही आजाराचे अधिकृत नाव नाही. त्वचारोगतज्ज्ञ यासाठी ‘सुरुवातीचा भडका’ अशा अर्थाचे शब्द वापरतात.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पर्जिंगमध्ये ‘विषारी द्रव्ये बाहेर पडतात’ हा समज निराधार आहे. त्वचेत साचलेले कोणतेही विष त्यातून निघत नाही. बाहेर येतात ती आधीच तयार झालेली बुचे. दुसरी, तिसऱ्या आठवड्यात आलेल्या मुरमांपैकी काही तर ट्यूब उघडण्याच्या आधीच तयार व्हायला लागलेले असतात. औषध लावले नसते तरी ते आलेच असते. पण दोष नव्या ट्यूबला जातो.

पर्जिंग सगळ्यांना होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. ते झाले नाही म्हणजे औषध काम करत नाही, असा अर्थ निघत नाही. आणि जास्त पर्जिंग म्हणजे जास्त गुण, असेही काही गणित नाही.

कोणत्या घटकांमुळे पर्जिंग होऊ शकते?

ज्या घटकामुळे पेशी गळण्याचा वेग वाढतो, त्याच घटकामुळे पर्जिंग होऊ शकते. त्यामुळे ही यादी लहान आहे. सर्वांत ठळक गट रेटिनॉइड्सचा. मुरमांसाठी दिले जाणारे ॲडापलीन आणि ट्रेटिनॉइन तसेच सौंदर्यप्रसाधनांतले रेटिनॉल या गटात येतात. त्यानंतर सॅलिसिलिक, ग्लायकॉलिक, लॅक्टिक यांसारखी सालं काढणारी आम्ले. यांच्यामुळे होणारा भडका सहसा सौम्य असतो.

याउलट मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, चेहऱ्याला लावायचे तेल, हायलुरॉनिक आम्ल, नायसिनामाइड, व्हिटॅमिन सी किंवा शीट मास्क यांमुळे पर्जिंग होण्याचे कारण नाही. फेसवॉश तर अर्ध्या मिनिटात धुऊन टाकला जातो. यांपैकी काही लावल्यावर चेहऱ्यावर पुटकुळ्या उठल्या, तर ‘त्वचा सवय करून घेत आहे’ असे म्हणून ते पुढे चालू ठेवण्यात अर्थ नसतो. एकतर त्या उत्पादनाने छिद्रे बुजत असतात, किंवा त्वचेची जळजळ होत असते, किंवा ॲलर्जी आलेली असते.

इथे एक अडचण येते. हल्ली एकाच सिरममध्ये पाच-सहा घटक असतात. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘नायसिनामाइड’ लिहिलेले असते आणि मागच्या यादीत सॅलिसिलिक आम्लही असते. म्हणून पर्जिंग आहे की नाही हे ठरवण्याआधी बाटलीची मागची बाजू पूर्ण वाचावी. यादीत वरील गटातला एकही घटक नसेल, तर प्रश्न तिथेच मिटतो.

पर्जिंग आणि त्रास यांत फरक कसा ओळखायचा?

घटक योग्य गटातला असेल, तर पुढे जागा, रूप आणि काळ अशा तीन गोष्टी पाहाव्यात.

जागा : पर्जिंगमध्ये मुरूम नेहमीच्याच जागी येतात. ज्याला कायम हनुवटीवर आणि कपाळावर येतात, त्याला तिथेच थोडे जास्त येतील. कारण बुचे तिथेच दबा धरून असतात. ज्या गालावर वर्षानुवर्षे काही आले नाही, त्या गालावर, मानेवर किंवा पापण्यांभोवती अचानक काही उठले, तर ते पर्जिंग समजू नये.

रूप : पर्जिंगमधले मुरूम नेहमीच्या मुरमांसारखेच दिसतात. त्यात काही व्हाइटहेड, काही छोट्या लाल पुटकुळ्या असा संमिश्र प्रकार असतो. ते नेहमीपेक्षा लवकर येतात आणि बरेचदा लवकर बसतात. याउलट, एकाच मापाचे बारीक पुरळ एकदम उठले असेल आणि त्याला खाज येत असेल, तर संशय घ्यावा. खाज हे मुरमाचे मुख्य लक्षण नाही. खाज, सूज, पाणी सुटणे, सतत आग होणे ही लक्षणे ॲलर्जीकडे किंवा त्वचेच्या दाहाकडे बोट दाखवतात. कपाळावर आणि केसांच्या कडेला एकसारख्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या दिसत असतील, तर तो केसांच्या मुळाशी वाढणाऱ्या यीस्टचाही प्रकार असू शकतो. दिसायला मुरमांसारखा असला, तरी त्याचा उपचार वेगळा आहे.

काळ : पर्जिंग साधारण पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होते, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात टोकाला जाते आणि सहाव्या आठवड्यापर्यंत ओसरू लागते. आठवा आठवडा उलटला तरी मुरूम वाढतच असतील, तर त्याला पर्जिंग म्हणता येत नाही. तीन-चार महिने ‘पर्जिंग चालू आहे’ असे म्हणणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत बहुतेक वेळा उत्पादन चुकीचे असते किंवा मूळ आजाराला वेगळ्या उपचाराची गरज असते.

कोरडेपणा आणि सालं निघणे म्हणजे पर्जिंग का?

नाही. ही वेगळी गोष्ट आहे, पण दोन्ही एकाच वेळी होत असल्याने गल्लत होते. रेटिनॉइड सुरू केल्यावर नाकाच्या बाजूला, ओठांच्या कोपऱ्यांत आणि हनुवटीवर सालं निघणे, त्वचा ओढल्यासारखी वाटणे, थोडी लाली येणे हे पहिल्या चार आठवड्यांत सर्रास दिसते आणि पुढे कमी होते. हा औषधाचा दाहक परिणाम आहे. तो सहन केल्याने गुण वाढत नाही. उलट त्वचेचा वरचा संरक्षक थर फाटतो आणि दाहामुळे आणखी पुटकुळ्या येऊ शकतात.

भारतीय त्वचेसाठी हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. आपल्या त्वचेत रंगद्रव्य जास्त असल्याने कोणताही दाह बरा होताना मागे तपकिरी किंवा काळा डाग ठेवून जातो. मुरूम आठ दिवसांत बसतो, पण डाग तीन महिने, कधी त्याहून अधिक काळ राहतो. म्हणून ‘आग होते म्हणजे लागू पडते आहे’ असे मानून दात-ओठ खाऊन सोसणे महागात पडते. सालं निघत असतील, तर औषध एक-दोन रात्री थांबवून नंतर एक दिवसाआड लावणे आणि मॉइश्चरायझर वाढवणे हा साधा उपाय असतो. त्यासाठी औषध कायमचे सोडावे लागत नाही.

एका उदाहरणातून बारा आठवडे कसे दिसतात?

ॲडापलीन हे याचे चांगले उदाहरण आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध म्हणून आले आणि २०१६ मध्ये त्याचे ०.१ टक्क्याचे जेल तिथे चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. तिथल्या वेष्टनावर सुरुवातीच्या आठवड्यांत मुरूम वाढल्यासारखे वाटू शकतात आणि परिणाम दिसायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो, अशी स्पष्ट सूचना असते. आपल्याकडेही मुरमांसाठी त्वचारोगतज्ज्ञ हे जेल मोठ्या प्रमाणावर लिहून देतात.

समजा, २३ वर्षांच्या एका तरुणीला डॉक्टरांनी हे जेल दिले. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. सुरुवात करण्याच्या दिवशी तिने आरशासमोर बसून कपाळावरचे आणि हनुवटीवरचे मुरूम मोजले. ते १४ भरले. रात्री सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन, तो पूर्ण कोरडा होऊ देऊन, वाटाण्याएवढे जेल तिने संपूर्ण चेहऱ्यावर पातळ लावले. केवळ मुरमावर ठिपका लावला नाही, कारण जेलचे खरे काम न दिसणारी बुचे तयार होऊ न देणे हे आहे. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड आणि मग रोज रात्री, असा क्रम तिने ठेवला.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मुरूम १७ झाले, चौथ्या आठवड्यात १९. नाकाच्या बाजूला सालं निघत होती. इथेच बहुतेक जण जेल सोडतात. पण वाढलेले सगळे मुरूम कपाळावर आणि हनुवटीवरच होते, नेहमीच्याच रूपाचे होते आणि खाज नव्हती. म्हणजे हा भडका पर्जिंगच्या चौकटीत बसत होता. तिने मॉइश्चरायझर आधी लावून त्यावर जेल लावायला सुरुवात केली आणि सालं कमी झाली.

चौथ्याच आठवड्यात तिने नवे सनस्क्रीन घेतले. पाच-सहा दिवसांत दोन्ही गालांवर, जिथे तिला कधीच मुरूम येत नव्हते, तिथे एकसारखे बारीक, खाजरे पुरळ उठले. हेही पर्जिंग समजून ती दोन्ही उत्पादने लावत राहिली असती, तर गालावर डाग पडले असते. ‘जेल सूट होत नाही’ म्हणून तिने जेल बंद केले असते, तर चार आठवड्यांची मेहनत वाया गेली असती. पण जागा वेगळी, रूप वेगळे आणि सुरुवातही नव्या सनस्क्रीननंतरची. तिने फक्त ते सनस्क्रीन बंद केले आणि आधीचे वापरायला घेतले. गालावर लाली असेपर्यंत तेवढ्या भागावर जेलही लावले नाही. दहा दिवसांत गाल पूर्ववत झाले.

सहाव्या आठवड्यात कपाळ आणि हनुवटीवरचे मुरूम १५ वर आले, आठव्यात ११ आणि बाराव्यात ६. म्हणजे सहाव्या आठवड्यापर्यंत तिची अवस्था सुरुवातीपेक्षा वाईटच होती. त्या दिवशी निकाल लावला असता, तर तो चुकीचा ठरला असता. आठव्या आठवड्याचा निकाल ‘दिशा बरोबर आहे’ एवढाच असतो. खरा निर्णय बाराव्या आठवड्यात. तोवर रोज लावूनही काहीच फरक नसेल, तर तेच औषध आणखी सहा महिने ओढण्याऐवजी डॉक्टरांशी बोलून उपचार बदलावा.

आणखी एक खबरदारी तिने घेतली. या काळात वरच्या ओठावर आणि चेहऱ्यावर वॅक्सिंग केले नाही. रेटिनॉइड लावलेल्या त्वचेचा वरचा थर वॅक्सबरोबर निघून येऊ शकतो आणि त्या जागी जखम होऊन डाग राहतो. पार्लरमध्ये जाताना हे सांगणे आवश्यक असते. तसेच गरोदर असताना किंवा गर्भधारणेचा विचार असताना रेटिनॉइड्स वापरत नाहीत.

इतर उत्पादनांसाठी किती काळ थांबावे?

त्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला तरुण वयात साधारण चार आठवडे लागतात. वय वाढते तसा हा काळ लांबतो. त्यामुळे पेशींवर काम करणाऱ्या कोणत्याही उत्पादनाचा निकाल चार आठवड्यांच्या आत लागणे कठीण असते. पण प्रत्येक उत्पादनाचे काम वेगळे, म्हणून मुदतही वेगळी.

फेसवॉश आणि मॉइश्चरायझर यांचा अंदाज लवकर येतो. धुतल्यावर अर्ध्या तासात चेहरा ओढल्यासारखा वाटत असेल, तर तो फेसवॉश तुमच्या त्वचेला कडक आहे. त्यासाठी महिनाभर थांबायची गरज नाही. मॉइश्चरायझरने मऊपणा त्याच दिवशी जाणवतो. मात्र त्याने छिद्रे बुजत नाहीत ना, हे कळायला महिना-दोन महिने लागतात. सॅलिसिलिक आम्लाला सहा ते आठ आठवडे द्यावेत. डागांसाठी घेतलेले नायसिनामाइड, व्हिटॅमिन सी किंवा अझेलाइक आम्ल यांना किमान दोन ते तीन महिने लागतात आणि तेही रोज सनस्क्रीन लावले तरच. बारीक सुरकुत्यांसाठी रेटिनॉइड वापरत असाल, तर सहा महिन्यांच्या आत निकाल मागू नये.

सनस्क्रीनचे गणित वेगळे आहे. त्याचा फायदा ‘दिसत’ नाही. ते नव्याने होणारे नुकसान रोखते. म्हणून आग, खाज, डोळ्यांची चुरचुर आणि पुटकुळ्या होत नाहीत ना आणि पुरेशा प्रमाणात रोज लावायला ते सोयीचे वाटते का, एवढ्यावरच त्याचा निकाल लावावा.

पहिल्या आठवड्यात काही झाले नाही, म्हणजे उत्पादन सुरक्षित का?

तसे म्हणता येत नाही. त्रासाचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचे घड्याळ वेगळे आहे. थेट जळजळ काही मिनिटांत किंवा एक-दोन दिवसांत कळते. ॲलर्जीचे तसे नाही. शरीराने एखाद्या घटकाला ‘शत्रू’ म्हणून ओळखायला साधारण दहा ते चौदा दिवस, कधी त्याहून जास्त काळ लागतो. त्यामुळे पहिले दोन आठवडे छान गेलेले क्रीम तिसऱ्या आठवड्यात अचानक खाज आणू शकते. एकदा ॲलर्जी पक्की झाली, की मात्र पुढच्या वेळी एक ते तीन दिवसांत पुरळ उठते. वर्षभर वापरलेल्या उत्पादनाचीही अशी ॲलर्जी येऊ शकते. सुगंधी द्रव्ये आणि टिकाऊपणासाठी घातलेले घटक याला अनेकदा कारणीभूत असतात.

तिसरा प्रकार म्हणजे छिद्रे बुजणे. हा सर्वांत संथ. जाडसर क्रीम किंवा तेल आज सुरू केले, तर त्याने तयार केलेली बुचे मुरूम होऊन दिसायला कित्येक आठवडे जातात. तोपर्यंत आपण त्या क्रीमला निर्दोष ठरवलेले असते आणि दोष कालच घेतलेल्या नव्या फेसवॉशला देतो. केसांना भरपूर तेल लावणाऱ्यांच्या कपाळावर, केसांच्या कडेने येणारी बारीक पुटकुळ्यांची रांग हा त्याचाच परिचित नमुना आहे. ती चेहऱ्याच्या क्रीमने येत नाही, कपाळावर ओघळणाऱ्या तेलाने येते.

नवे उत्पादन तपासायचे कसे?

आधी त्याची छोटी चाचणी घ्यावी. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर ते उत्पादन दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावावे. एकदाच लावून दुसऱ्या दिवशी पाहणे पुरेसे नसते, कारण ॲलर्जी उशिरा येते. फेसवॉशसारखे धुवायचे उत्पादन असेल, तर ते नेहमी ठेवतो तेवढाच वेळ ठेवून धुवावे. रेटिनॉइड किंवा आम्ल असेल, तर तिथे थोडी लाली येणे अपेक्षित असते. पण खाज, सूज किंवा फोड आले, तर ते चेहऱ्यावर लावू नये. या चाचणीत ॲलर्जी आणि जळजळ कळते. मुरूम येतील की नाही, हे मात्र हातावर कळत नाही.

दुसरा नियम, एका वेळी एकच नवी वस्तू. सवलतीच्या दिवसांत मागवलेला पाच वस्तूंचा संच एकाच रात्री सुरू केला, तर पुढे काही बिघडल्यास किंवा सुधारल्यास कारण शोधता येत नाही. दोन नव्या वस्तूंमध्ये किमान दोन, शक्यतो चार आठवड्यांचे अंतर असावे.

तिसरा नियम, स्मरणावर अवलंबून राहू नये. आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, तेवढ्याच अंतरावरून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढावा. फोनमधील सौंदर्य वाढवणारी सोय बंद ठेवावी. फोटोखाली मुरमांची संख्या लिहावी. उठलेले मुरूम आणि सपाट डाग वेगळे मोजावेत, हे महत्त्वाचे. अनेकदा बाराव्या आठवड्यापर्यंत नवे मुरूम जवळपास थांबलेले असतात, पण जुने डाग तसेच असल्याने ‘काहीच फरक नाही’ असे वाटते. प्रत्यक्षात मुरमांच्या औषधाने आपले काम केलेले असते. डाग ही पुढची पायरी असते.

स्त्रियांनी यात मासिक पाळीची तारीखही नोंदवावी. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेकींना हनुवटीवर मुरूम येतातच. नवे सिरम नेमके त्या आठवड्यात सुरू केले, तर दोष त्याला जातो. पाळी संपल्यावर सुरू केले, तर श्रेय त्याला मिळते. म्हणून या महिन्यातल्या पाळीआधीच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी. दोन पूर्ण चक्रे गेल्याशिवाय अंदाज पक्का होत नाही.

चार दिवसांतच चेहरा उजळला, तर?

तर आनंद होण्याआधी वेष्टन वाचावे. त्वचेचे जीवशास्त्र पाहता चार-पाच दिवसांत मुरूम बसून चेहरा गोरा दिसू लागला, तर त्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता लक्षात घ्यावी लागते. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही त्यांची नावे. स्टिरॉइड लाली आणि सूज झपाट्याने दाबते. योग्य आजारात, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपयोगी आहे. पण गोरेपणासाठी किंवा मुरमांसाठी महिनोन्‌महिने चेहऱ्यावर चोळले, तर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि मुरूम उलट बळावतात. आपल्या देशात हा प्रकार इतका वाढला, की चेहऱ्यावर लावायच्या स्टिरॉइडमुळे बिघडलेल्या चेहऱ्यासाठी भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतंत्र नाव रूढ केले. २०१८ मध्ये त्वचेवर लावायच्या स्टिरॉइड क्रीमना चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या ‘शेड्यूल एच’ यादीत आणण्यात आले. तरीही ओळखीच्या केमिस्टकडून किंवा बिनलेबलच्या डबीतून ती मिळत राहतात.

पर्जिंगचा गैरसमज इथे सर्वाधिक घातक ठरतो. असे क्रीम बंद केल्यावर काही दिवसांत चेहरा लालबुंद होतो, आग होते, पुटकुळ्यांचा भडका उडतो. विकणारा सांगतो, ‘घाण बाहेर पडते आहे.’ माणूस घाबरून पुन्हा तेच क्रीम लावतो आणि दोन दिवसांत बरे वाटते. हे पर्जिंग नसून स्टिरॉइड सुटल्याचा परिणाम आहे आणि त्यातून बाहेर पडायला त्वचारोगतज्ज्ञाची मदत लागते. जे क्रीम लावताना बरे वाटते आणि सोडताच बिघडते, त्याची डबी घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

लगेच थांबावे कधी आणि डॉक्टरांकडे कधी जावे?

ओठ, पापण्या किंवा चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर ही तातडीची बाब आहे. उत्पादन धुऊन टाकून लगेच रुग्णालयात जावे. फोड येणे, पाणी सुटणे, तीव्र खाज किंवा मॉइश्चरायझर लावले तरी आग होणे, यात ते उत्पादन त्याच दिवशी बंद करावे. बंद केल्यावर चेहऱ्याला काही दिवस फक्त सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि सवयीचे सनस्क्रीन द्यावे. लिंबू, खाण्याचा सोडा, स्क्रब असले घरगुती प्रयोग त्या त्वचेवर करू नयेत.

त्वचेखाली खोलवर दुखणाऱ्या गाठी येत असतील, मुरूम बसताना खड्डे पडत असतील, किंवा मुरमांबरोबर पाळी अनियमित असेल, तर बारा आठवड्यांची वाट पाहण्याचा नियम लागू होत नाही. खड्डे नंतर क्रीमने भरून येत नाहीत. अशा वेळी नवे सिरम तपासत बसण्यापेक्षा आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे आणि सोबत आतापर्यंत वापरलेल्या उत्पादनांची नावे, सुरू केल्याच्या तारखा आणि फोनमधले आठवड्यांचे फोटो न्यावेत. पर्जिंग की त्रास, हे ठरवताना डॉक्टरही सर्वांत आधी हेच विचारतात : काय लावले, कधीपासून आणि नेमके कुठे उठले.